जॅक बसतोय

हायड्रॉलिक जॅकची दुखणी दोनच. एक, उचललेलं वजन धरवत नाही. दुसरं, पुऱ्या उंचीला जाता येत नाही. पन्नाशीनंतर मालकालाही हीच दोन दुखणी होतात, पण मालकाला डॉक्टर विश्रांती सांगतात आणि जॅकला मात्र आजूबाजूचे सगळे मिळून आणखी जोरात पंप मारतात.

आमच्या पाच टनी बॉटल जॅकला ही दोन्ही दुखणी एकदम जडली, आणि तीही मेव्हण्याच्या मित्राकडे पावसाळाभर पाहुणचार घेऊन आल्यावर. जीपचं मागचं चाक काढायचं होतं. जॅक लावला, चाक जमिनीवरून जेमतेम सुटलं आणि पिस्टन थांबला. हँडल खालीवर होत होतं, जीप मात्र होती तिथेच. बरं, तेवढ्या उंचीत काम उरकावं म्हणून नटांचा पाना आणायला घरात गेलो, तर परत येईपर्यंत चाक जमिनीला टेकलेलं. जीप खाली आली होती ती इतक्या हळूहळू आणि सभ्यपणे, की आवाजसुद्धा झाला नव्हता.

आमच्या गल्लीत कुणाची गाडी जॅकवर चढली की माणसं जमतात. समोरच्या बंगल्यातले निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी पास्कलचा नियम सांगितला, मग १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतल्याचं सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्यामुळे जीप वर गेली नाही. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ब्रेक ऑईल टाका, टाइट होईल." शेजारच्या इंजिनिअर मुलाला जॅकच्या बुडाशी टोपीखाली दडलेला एक स्क्रू सापडला आणि तो "हा जरा आवळून बघू का?" असं विचारत असतानाच फाटकातून आबा आत आले.

आबा म्हणजे आमचे चुलते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात जितक्या बस खालून पाहिल्या आहेत, तितक्या आपण वरून पाहिलेल्या नसतात. ते त्या मुलाला म्हणाले, "त्याला हात लावू नकोस बाळा. तो ओव्हरलोडचा व्हॉल्व्ह आहे, कारखान्यात लावून दिलेला. पाच टनांपुढे जॅकने नाही म्हणावं म्हणून असतो तो. तू आवळलास तर तो नाही म्हणायचा नाही, फुटेल." मुलाने टोपी परत बसवली. प्राध्यापकही दोन पावलं मागे सरकले.

मग आबांनी स्टूल मागवलं, चहा मागवला आणि मागच्या अॅक्सलखाली लोखंडी घोड्या लावायला सांगितल्या. घोडी लागल्याशिवाय ते कुणाला गाडीजवळ वाकूसुद्धा देत नाहीत, खाली जाणं तर लांबच.

"धरत नाही, म्हणजे तेल कुठून तरी परत पळतंय," ते म्हणाले. "कुठून ते हँडलला विचारायचं."

बॉटल जॅकच्या पोटात काय असतं, ते आबांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. बाहेरच्या नळकांड्यात तेलाची टाकी, तिच्या आत जाड पिस्टनचा सिलिंडर आणि बाजूला हँडलने हलणारा बारीक प्लंजर. प्लंजर वर उचलला की एक छर्रा उघडतो आणि टाकीतलं तेल ओढलं जातं. खाली दाबला की तो छर्रा बंद होतो, दुसरा उघडतो आणि तेल मोठ्या पिस्टनखाली ढकललं जातं. हा दुसरा छर्रा तेलाला मागे फिरू देत नाही. गाडी उतरवायची असते तेव्हा आपण बुडाशी असलेला रिलीज स्क्रू सोडतो, आणि त्याने दाबून धरलेला तिसरा छर्रा जागेवरून उठतो. तेल टाकीत परत येतं, गाडी खाली येते. म्हणजे गाडीचं सगळं वजन शेवटी वाटाण्याएवढ्या दोन छर्ऱ्यांवर आणि पिस्टनच्या रबरी सीलवर असतं. हे कळल्यावर मेव्हणा खाली बसायचा तो उभा राहिला.

परीक्षा साधी होती. घोड्या अॅक्सलपासून बोटभर खाली राहतील इतपत जीप उचलायची, पिस्टनवर खडूची रेघ मारायची, हँडल खोबणीत तसंच ठेवायचं आणि कुणी काही करायचं नाही. आमच्या घरात हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड गेला. जीप बसत असताना हँडल आपोआप वर उचललं जात असेल, तर दुसरा छर्रा गळतोय, कारण मागे फिरलेलं तेल प्लंजरला ढकलतं. हँडल स्थिर असेल आणि पिस्टनच्या गळ्याशी तेल झिरपत असेल, तर पिस्टनचं सील गेलं. आणि हँडल स्थिर, बाहेरून सगळं कोरडं, तरी रेघ खाली चाललीच आहे, तर पहिला संशय रिलीज स्क्रूवर घ्यायचा.

रेघ खाली चालली होती. हँडल ढिम्म. गळा कोरडा. सगळ्यांनी वाकून रिलीज स्क्रूकडे पाहिलं, आणि तिथे पुरावाच होता. स्क्रूच्या दोन्ही कानांवर पाइप पान्याचे दात उमटले होते.

मेव्हणा आकाशाकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "जॅक बसत होता, म्हणून त्याने जरा आवळला असेल."

"आवळला, म्हणून आणखी बसला," आबा म्हणाले. "आणखी बसला म्हणून आणखी आवळला. हँडलच्या टोकाला खाच कशाला असते? तेवढ्या हाताच्या जोरावर हा स्क्रू बंद व्हायला पाहिजे. पाना घालावा लागला, तर आत कचरा आहे असं समजायचं."

जीप घोड्यांवर बसवून जॅक बाहेर काढला. स्क्रू सोडून पिस्टन हाताने पूर्ण खाली दाबला आणि बाजूचं रबरी बूच काढून तेल ओतलं. ते काळंकुट्ट निघालं. त्या मित्राने हाताला लागेल त्या डब्यातून ओतलं होतं हे उघड होतं, प्रश्न फक्त डबा कशाचा होता एवढाच. आबांनी वाटीभर पाणी मागवलं आणि त्यात दोन थेंब टाकले. थेंब वर तरंगत राहिले. "नशीब, इंजिन ऑईल आहे. ब्रेक ऑईल असतं तर पाण्यात विरघळलं असतं, आणि मग आतली सगळी रबरं फुगून वाया गेली असती. हा जॅक उघडून नवा सील किट घालावा लागला असता." ब्रेक ऑईलचा सल्ला देणारा माणूस आता आकाशाकडेही बघत नव्हता. वाटी स्वयंपाकघरातली होती. त्याबद्दल बायकोने वेगळी सुनावणी घेतली, ती इथे देत नाही.

मग परात आली (जुनी, परवानगीने). रिलीज स्क्रू पूर्ण काढला, जॅक कलता केला आणि टण्णकन छर्रा परातीत पडला. परात महत्त्वाची, कारण गॅरेजच्या फरशीवर पडलेला छर्रा पुन्हा मिळाल्याचं आबांच्या नोकरीत घडलेलं नव्हतं. छर्ऱ्याच्या एका अंगाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता आणि तिथेच एक ओरखडा होता. त्या ओरखड्यातून तेल टाकीत परत जात होतं.

सगळं रॉकेलने धुऊन, चिंधीने नव्हे तर हवेने सुकवलं, कारण चिंधीचा एक धागा राहिला तरी तोच पुढचा कचरा. मग पितळी सळई घेऊन, जुना छर्रा जागेवर ठेवून, त्यावर हातोडीने एकच हलका ठोका दिला. छर्रा ज्या कडेवर टेकतो ती कड त्याने पुन्हा गोल होते. जोरात ठोकलं तर कड फुटते आणि जॅक भंगारात जातो. ठोकलेला छर्रा परत वापरायचा नाही. व्हर्नियरने मोजला तर तो पाव इंची निघाला. तसा नवा छर्रा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळाला. त्याने तो कागदाच्या पुडीत बांधून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईना. एक छर्रा विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

आता उंचीचं दुखणं. आबांनी आधी पिस्टनच्या डोक्यातला आटेदार स्क्रू बोटांनी फिरवून वर काढून दाखवला. तो स्क्रू उंची वाढवण्यासाठीच असतो, हे मला माहीत होतं. मेव्हण्याला नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. तरीही मुख्य पिस्टनच साडेचार सेंटिमीटर कमी वर येत होता. आबांनी खडूने हिशेब मांडला. पिस्टनचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १० चौरस सेंटिमीटर. एक सेंटिमीटर उचलायला १० मिलिलीटर तेल लागतं. साडेचार सेंटिमीटरला ४५ मिलिलीटर. एवढं तेल टाकीत कमी होतं. कटिंग चहाचा ग्लाससुद्धा यापेक्षा जास्त भरतो. तेल संपत आलं की प्लंजर हवा ओढू लागतो, हँडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि पिस्टन जागच्या जागी राहतो.

ते तेल कुठे गेलं, याचा तपास फोनवर लागला. मित्राने जॅक गाडीच्या डिकीत आडवा ठेवला होता, बूच नीट बसवलेलं नव्हतं, आणि डिकीतला गालिचा का ओशट झाला याचा त्याला अजून उलगडा झालेला नव्हता. तो झाला. वरून ओतलेलं काळं तेल म्हणजे त्याने मनाला दिलेलं समाधान.

जॅक उभा ठेवून, पिस्टन पूर्ण खाली दाबून, आबांनी बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत जॅकचं तेल भरलं. पिस्टन वर असताना भरलं तर तेल जास्त होतं, मग पिस्टन खाली बसत नाही आणि बूच उडतं. नंतर रिलीज स्क्रू सोडूनच हँडल दहा-पंधरा वेळा भराभर मारलं. बुडबुडे आले, थांबले. पातळी थोडी उतरली होती, ती पुन्हा भरली, बूच बसवलं, स्क्रू हातानेच बंद केला.

जीप उचलली. पिस्टन शेवटपर्यंत गेला. घोड्या जवळच होत्या. खडूची नवी रेघ मारली आणि सगळे चहाला गेले. प्राध्यापक तेवढे तिथे उभे राहिले, कारण त्यांना रेघेवर विश्वास नव्हता. जेवणं झाली तरी रेघ होती तिथेच होती. बरेच दिवस झाले, जॅक आता वजन धरतो आणि पूर्ण उंचीला जातो. तो फडताळात उभा असतो, आडवा नाही.

ज्याला जॅक हवा असेल त्याने गाडी आमच्या फाटकाशी आणावी. गाडी उचलून देऊ, चहाही देऊ. जॅक बाहेर जाणार नाही.