रोज ॲब्स मारावेत का? काही शंका आणि त्यांचे समाधान

पोटाच्या व्यायामाबद्दलची पहिली शंका ठरलेली असते : रोज शंभर क्रंचेस मारले, तर पोट किती दिवसांत आत जाईल? विचारणारा बहुधा चाळिशीच्या आसपासचा असतो. बैठे काम, सुटलेले पोट आणि पुढच्या महिन्यात घरातले एखादे लग्न, असा त्रिवेणी योग त्याच्या कुंडलीत असतो. त्याला उत्तर म्हणून एखादी तारीख हवी असते. तारीख देता येत नाही, कारण पोटाचे स्नायू आणि पोटावरची चरबी हे शेजारी असले तरी त्यांचा एकमेकांशी व्यवहार जवळपास नाही.

स्नायूला काम करायला इंधन लागते आणि त्यातले काही चरबीतून येते, हे खरे. पण ती चरबी रक्तात उतरून, सगळ्या शरीरभर फिरून स्नायूपर्यंत पोचते. वरच्या मजल्यावरून खाली थेट नळ टाकलेला नसतो. कोणत्या भागातली चरबी आधी उतरायची, हे संप्रेरके आणि आनुवंशिकता ठरवतात आणि दोघेही अर्ज स्वीकारत नाहीत. अमेरिकेत 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पुरुषांकडून 27 दिवसांत प्रत्येकी 5,004 सिट-अप्स काढून घेतल्या. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही ठिकाणच्या चरबीचे नमुने सुईने काढून पेशी मोजल्या. पेशी थोड्या लहान झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. पोटाला एवढे कष्ट पडूनही त्याला कसलाही अग्रहक्क मिळाला नाही. 5,004 मधल्या शेवटच्या चार कोणी आणि का मोजल्या, हा विषय वेगळा.

हिशेबही फार उत्साहवर्धक नाही. शंभर क्रंचेसना पाचेक मिनिटे लागतात आणि त्यात साधारण 25-30 कॅलरी खर्च होतात. एका वडापावात याच्या आठ-दहा पट असतात. तेव्हा पोट आत जाणे हा ताटाचा, चालण्याचा आणि झोपेचा विषय आहे. त्याचा खटला क्रंचेसच्या कोर्टात चालत नाही.

याच ओघात सिक्स पॅकचीही शंका निघते. पोटाच्या मधल्या लांब स्नायूला आडवे छेद देणाऱ्या कंडरांच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामुळे ते चौकोन दिसतात. पट्ट्या किती आणि किती वाकड्यातिकड्या, हे जन्मतःच ठरलेले असते. म्हणून कोणाला चार चौकोन, कोणाला आठ, आणि कोणाची उजवी-डावी बाजू आयुष्यभर एकमेकींशी जुळत नाही. व्यायामाने चौकोन जाड होतात, त्यांची संख्या वाढत नाही.

दुसरी शंका खरी व्यायामाची आहे : पोटाचे स्नायू रोज मारले तर चालतात, असे जिममध्ये सांगतात, ते खरे का? या समजुतीमागचा तर्क असा की हे स्नायू दिवसभर शरीर सावरतात, म्हणजे ते दमत नसावेत. पण दिवसभर शरीर तर पोटऱ्याही सावरतात. पोटाचा स्नायू हा दंडाच्या स्नायूसारखाच स्नायू आहे. त्याच्यावर पुरेसा भार टाकला की त्याची डागडुजी आणि बांधणी पुढचे एक-दोन दिवस चालते, आणि ती विश्रांतीत चालते. यावरून एक सोपी परीक्षा करता येते. एखादा माणूस रोज शंभर क्रंचेस मारतो, दुसऱ्या दिवशी त्याचे अंग धरत नाही, महिन्यानंतरही तो तेच शंभर तितक्याच सहज मारतो. याचा अर्थ तो भार स्नायूला भार वाटतच नाही. तो रोज जमतो, कारण तो हलका आहे. आणि जो भार खरोखर पुरेसा असतो, तो रोज जमत नाही.

मग किती वेळा? आठवड्यातून दोन ते तीन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून. स्नायूची वाढ मुख्यतः आठवड्यात एकूण किती कष्टाचे सेट झाले यावर अवलंबून असते. तेच सेट दोन दिवसांत केले की पाच दिवसांत, याने फारसा फरक पडत नाही. कष्टाचा सेट म्हणजे ज्यात दहा-बारा रेप्सनंतर आणखी दोनच निघाल्या असत्या असे प्रामाणिकपणे वाटते तो. आरशात बघत, शेजाऱ्याशी आयपीएलवर बोलत काढलेल्या चाळीस रेप्स या व्याख्येत बसत नाहीत.

तिसरी शंका फार कमी लोक विचारतात, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते : धड म्हणजे फक्त पुढचे पोट का? तसे नाही. पोटाच्या बाजूंना तिरके स्नायू आहेत, आत कमरपट्ट्यासारखा आडवा स्नायू आहे, मागे कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांब स्नायू आहेत. वाकणे हे त्यांच्या कामांपैकी एकच काम. बाकी वेळ ते कण्याला नको तिथे वाकू न देण्याचे काम करतात. उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन चालावे म्हणजे हे कळते. बादली उजवीकडे ओढते आणि डाव्या बाजूचे स्नायू शरीर सरळ ठेवतात. जिममध्ये हाच व्यायाम डंबेल घेऊन करतात आणि त्याचे पैसे भरतात.

प्लँक हा याच जातीचा व्यायाम. तो दिसायला सोपा असल्यामुळे सगळ्यात जास्त बिघडतो. कोपरे खांद्यांच्या बरोबर खाली, नितंब घट्ट आवळलेले, श्वास चालू. पंधराव्या सेकंदाला अंग थरथरू लागते. इथपर्यंत सर्व ठीक. तिसाव्या सेकंदाला कंबर जुन्या बाजेसारखी मधोमध खाली येते आणि माणूस मात्र घड्याळाकडे बघत तसाच टिकून राहतो. त्या क्षणापासून भार पोटाने सोडलेला असतो आणि कमरेच्या सांध्यांनी घेतलेला असतो. पोटात जळजळ होण्याऐवजी कमरेत दाब जाणवू लागला की प्लँक संपला, घड्याळ काहीही म्हणो. चार मिनिटांच्या प्लँकचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोभतात. कामाचे असतात ते नीट धरलेले 20-30 सेकंद, तीन वेळा.

सिट-अप्सचीही एक गंमत आहे. पाय पलंगाखाली किंवा मित्राच्या हातात अडकवून उठले की बराचसा भार मांडीला कण्याशी जोडणारे, जांघेतले स्नायू उचलतात. ओळखण्याची खूण अशी की दुसऱ्या दिवशी पोट ठणठणीत असते आणि जांघ धरलेली असते. शिवाय पूर्ण उठताना कण्याच्या मणक्यांवर बराच दाब येतो. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी हा दाब मोजण्यात बरीच वर्षे घालवली. नंतर अमेरिकी सैन्यानेही आपल्या शारीरिक चाचणीतून सिट-अप्स काढून टाकल्या आणि आता तिथे प्लँक आहे. तंदुरुस्त कण्याला थोड्या सिट-अप्सने काही होत नाही, पण ज्याची कंबर आधीच दुखते त्याने त्या हट्टाने मारण्यात अर्थ नाही. त्याने खांदे जमिनीपासून जेमतेम उचलणारा क्रंच करावा, एक गुडघा वाकवून आणि हात कमरेखाली ठेवून. डोक्यामागे हात घेऊन क्रंच करणाऱ्यांनी मान ओढू नये. मान ओढल्याने पोट वर येत नाही, फक्त हनुवटी येते.

पहाटे पाचला उठून लगेच पोट मारण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात (सकाळी उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती यामुळेच) आणि फुगलेल्या चकतीला वाकणे जड जाते. कंबरदुखी असणाऱ्यांनी उठल्यावर तासभर तरी पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत. फिरायला जावे, चहा घ्यावा.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. गृहस्थ 42 वर्षांचे, आठ तास खुर्चीत, कंबर शाबूत, सोमवार-बुधवार-शुक्रवार जिम. आतापर्यंत रोज शंभर क्रंचेस, निकाल शून्य. सोमवारी आणि शुक्रवारी त्यांनी मुख्य व्यायामानंतर हळू क्रंचचे 10-12 रेप्सचे तीन सेट करावेत. वर जाताना दोन सेकंद, खाली येताना तीन. मग एका कुशीवरचा प्लँक, दोन्ही बाजूंना 20 सेकंद, दोनदा. बुधवारी फक्त हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात आणि पाय लांबवण्याचा व्यायाम आणि एका हातात वजन घेऊन 20 पावले जाणे-येणे. एकूण दहा-बारा मिनिटे. क्रंचच्या 15 रेप्स सहज निघू लागल्या की छातीवर अडीच किलोची प्लेट धरायची आणि पुन्हा दहावर यायचे. हे सगळे स्क्वॉट-डेडलिफ्टच्या आधी करायचे नाही, कारण दमलेले धड घेऊन जड वजन उचलणे म्हणजे कंबर लचकवून घेणे. आणि स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप्स यांत धडाचे बरेच काम आपोआप होते, तेव्हा शनिवारी मन खट्टू झाले म्हणून आणखी शंभर मारायची गरज नाही.

सूर्यनमस्कार रोज घालतात, मग ते कसे चालतात? ते भारात हलके आहेत म्हणून. त्यातल्या फळीसारख्या स्थितीत धड ताठ धरावे लागते, पण काही सेकंदच, आणि वजन कायम स्वतःचेच. त्यांनी दमसास आणि लवचीकता येते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते घरोघर पोचवले तेही रोजच्या नेमासाठी. नेम म्हणून ते रोज घालावेत. मात्र वजन न वाढवता स्नायू वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. तोच नियम हलक्या प्लँकला आणि हात-पाय लांबवण्याच्या व्यायामाला. हलके ते रोज, जड ते एक दिवसाआड.

कुठे थांबायचे, हेही सांगायला हवे. अंग धरणे दोन-तीन दिवसांत ओसरते. पण दुखणे कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा खोकताना पोटात फुगवटा दिसत असेल, तर ट्रेनरऐवजी डॉक्टरांना गाठावे. बाळंतपणानंतर पोटाच्या मध्यरेषेत खळगा जाणवणाऱ्या स्त्रियांनी फिजिओथेरपिस्टला विचारूनच क्रंच सुरू करावा. आणि पहिल्याच दिवशी पैज लावून पाचशे मारल्यानंतर लघवी काळपट चहासारखी झाली, तर थेट इस्पितळ : स्नायू फुटून त्यातली द्रव्ये मूत्रपिंडावर आलेली असतात.

शेवटची शंका दरवर्षी भाद्रपदात येते. गणपतीचे दहा दिवस व्यायाम बुडाला, तर केलेले सगळे वाया जाते का? जात नाही. दोन-तीन आठवड्यांच्या खाड्याने ताकद फारशी कमी होत नाही. विसर्जनानंतर पहिल्या आठवड्यात तीनऐवजी दोन सेट करावेत आणि पुढच्या आठवड्यात पूर्ववत यावे. दहा दिवसांचे मोदक मात्र वेगळ्या खात्यात जमा झालेले असतात, आणि ते खाते क्रंचेसने बंद होत नाही.