पॅटर्न कुठला?

पुण्यात इंजिनिअरिंगचं जुनं पुस्तक विकायला काढलं की गिऱ्हाईक लेखकाचं नाव बघत नाही, पानं फाटलीत का तेही बघत नाही. पहिला प्रश्न एकच: पॅटर्न कुठला? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने प्रथम वर्षाला 2024 चा पॅटर्न आणला आणि हॉस्टेलच्या पलंगांखालचे 2019 पॅटर्नचे गठ्ठे रातोरात रद्दीच्या भावात आले.

खरं तर मॅट्रिक्सचा व्यस्त काढायची रीत काही विद्यापीठाच्या ठरावाने बदलत नाही. दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून युनिटं ताडून पाहिली, की बरीच प्रकरणं नुसती जागा बदलून बसलेली सापडतात. पण युनिटाबरहुकूम बेतलेली लोकल ऑथरची पुस्तकं या बदलात मार खातात. ग्रेवालच्या जाडजूड गणिताला मात्र पॅटर्नशी देणंघेणं नाही, म्हणून त्याचा भाव टिकतो.

आता हिशेब. समजा पुस्तकाची छापील किंमत 400 रुपये. अप्पा बळवंत चौकातला दुकानदार ते सव्वाशेला घेऊन सव्वादोनशेला विकणार. हॉस्टेलातच पावणेदोनशेला दिलं तर दोघांचेही पन्नास-पन्नास वाचतात. अडचण एवढीच, की परीक्षा संपताच सगळेच विकायला काढतात, तेव्हा घेणारा ज्युनियर अजून गावी आमरस ओरपत असतो. तो येईपर्यंत थांबावं, तर रेक्टर खोली रिकामी करायला सांगतात आणि गावची बॅग आधीच फुगलेली.

इथे उपयोगी पडतो तो बॅक लागलेला मित्र. तो सुट्टीतही अभ्यासाला इथंच असतो. सगळ्यांचे गठ्ठे त्याच्याकडे. प्रत्येक पुस्तकात मालकाचं नाव आणि कमीत कमी किंमत लिहिलेली चिठ्ठी. विकलं की दहा रुपये त्याचे. शिवाय जुन्या पॅटर्नची पुस्तकं त्यालाच लागतात, कारण त्याचा पेपर अजून जुन्याच अभ्यासक्रमाचा!

नोट्सचं गणित निराळं. पुस्तक विकलं की गेलं. वही विकली की तासाभरात तिच्या वीस झेरॉक्स निघतात आणि दुसरं गिऱ्हाईक उरत नाही. म्हणून शहाण्या मुली एकेकाला विकत नाहीत, पाच-सहा जणींची वर्गणी आधी जमवून मगच वही हातावर ठेवतात.

वही कुणाची घ्यावी? सगळे टॉपरच्या मागे. माझं मत वेगळं. टॉपरला सोपं वाटतं ते तो लिहीतच नाही. दोन ओळींत उत्तर, मधल्या पायऱ्या गायब. दुसऱ्या खेपेला सुटलेल्याच्या वहीत मात्र एकही पायरी गाळलेली नसते, आणि समासात लाल शाईने लिहिलेलं असतं, ‘इथे चिन्ह चुकतं. मागच्या वेळी इथंच गेले सहा मार्क.’