ग्रुपनाना

भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचं खरं नाव आता कुणी घेत नाही. लिंक्डइन एका माणसाला फार तर १०० ग्रुपांत शिरू देतं, ही मर्यादा आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. नानांना माहीत आहे, कारण ते तिथवर जाऊन धडकले आहेत. तेव्हापासून ते ग्रुपनाना.

माणूस अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगमधला. तुकडा हातात घेतला की दोष कुठल्या टप्प्यावर शिरला ते सांगणार. नोकरी संपल्यावर सल्लागार झाले आणि गिऱ्हाईक शोधू लागले. ग्रुपांत राहिलं की नेमक्या लोकांना प्रोफाइल सापडते, असं कुणीतरी सांगितलं. ते खोटं नव्हतं. एका ग्रुपातल्या लोकांना लिंक्डइन एकमेकांच्या वर्तुळातले धरतं, आणि ओळखदेख नसली तरी संदेशाची विनंती धाडता येते. नानांनी हिशेब मांडला, जेवढे सभासद तेवढी गिऱ्हाइकं. मग नेतृत्वाचा ग्रुप आला, आखातातल्या नोकऱ्यांचा आला, स्टार्टअपवाल्यांचा आला. सल्लागारांचे तर चार आले. तिथे सगळेच विकायला बसलेले, घेणारा एकही नाही.

लग्नात अक्षता टाकून थेट पंगत गाठणारा पाहुणा असतो ना, तसा नानांचा या ग्रुपांतला वावर. सकाळी चहाबरोबर प्रत्येक पोस्टखाली ‘व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सर’ टाकायचं आणि पुढच्या दारात जायचं. त्यात नावाखालची ओळ! २२० अक्षरांची मुभा त्यांनी पुरेपूर वसूल केली होती: दूरदर्शी नेतृत्व, प्रेरणादायी वक्ता, आजन्म विद्यार्थी आणि शेपटाला डाय कास्टिंग सल्लागार. प्रतिक्रियेसोबत या ओळीचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. त्यामुळे जगाला दूरदर्शी नेतृत्व दिसत राहिलं, डाय कास्टिंग कधी दिसलंच नाही.

शेवटी पुतणीने फोन हातातून काढून घेतला. ती एका कारखान्यात क्वालिटीला आहे.

“काका, यात प्रश्न कोण विचारतं?”

“सभासद दोन लाख आहेत, अगं.”

“सभासद नाही विचारले. प्रश्न विचारले.”

तिने एकेक ग्रुप उघडून मागच्या महिन्याभराच्या पोस्टी पाहिल्या. नुसत्या जाहिराती असतील, प्रश्नांखाली उत्तरं नसतील, तर ग्रुप बाद. कामाचे तीनच उरले. डाय कास्टिंगचा, गाड्यांच्या सुट्या भागांच्या खरेदी-क्वालिटीवाल्यांचा आणि मशीनिंगचा. तिसरा कशाला, असं नानांनी विचारलं. “कास्टिंगच्या पोटातलं भोक पहिल्यांदा दिसतं कुणाला? मशीनवाल्यालाच ना!” यावर नाना गप्प झाले, मला तरी हा प्रसंग ऐतिहासिक वाटतो. ओळीतही डाय कास्टिंग पुढे आलं आणि नेतृत्व निवृत्त झालं.

मशीनिंगच्याच ग्रुपात एकाने विचारलं होतं, पंपाच्या बॉडीला मशीनिंगनंतर भोकं दिसतात, लीक टेस्टला माल नापास होतो, काय करू? नानांचं बोट सवयीने ‘व्हेरी’कडे वळलं. पुतणीने ते धरलं आणि तोंडी सांगायला लावलं. नाना सुरू झाले:

“भोक गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर वायू अडकलाय. वेडंवाकडं, खरखरीत आणि जाड भागात असेल तर धातू आकसताना तिथे भर पोचलेली नाही. पहिल्यात व्हेंट, डायवरचा स्प्रे आणि शॉटचा वेग कुठे बदलतो ते बघ. दुसऱ्यात शेवटचा दाब आणि त्या जागेचं कूलिंग. आधी तुकडा काप आणि फोटो टाक.”

पुढे ‘सल्ल्यासाठी संपर्क’ आणि मोबाइल नंबर होता. तो तिने खोडला.

दोन दिवसांनी फोटो आला. भोकं खरखरीत होती. नानांनी पुन्हा उत्तर दिलं, आणि त्या आठवड्यात प्रोफाइल पाहून गेलेल्यांत नेतृत्ववाले कुणी नव्हते. क्वालिटी आणि खरेदीची माणसं होती. त्यातल्या एकाने डायची ट्रायल बघायला बोलावलं. काम एका दिवसाचं, पण पैसे मिळाले.

असा प्रश्न दर आठवड्याला येत नाही, याचाच नानांना त्रास होतो. शिवाय खासगी ग्रुपात लिहिलेलं बाहेरच्यांना दिसत नाही. म्हणून पुतणी तेच उत्तर, विचारणाऱ्याचा पत्ता लागणार नाही असं बदलून, नानांच्या नावावर स्वतंत्र टाकते. बाकीचे ग्रुप सोडायला मात्र ते तयार नाहीत. रिकामा वेळ घालवायचा कुठे, म्हणतात.

तुमच्या ग्रुपात ते दिसले तर बिचकू नका. फक्त ‘गुड मॉर्निंग’ घालू नका, एखादं भोक पडलेलं कास्टिंग दाखवा.