आईचा साज मोडताना सराफास पत्र कसे लिहावे

मुलीने सराफाला लिहिलेल्या पत्राचा नेहमीचा मसुदा असा असतो: सा. न. वि. वि., पुढे आईवर अकरा ओळी, तिच्या लग्नावर चार, ‘तुमचे दुकान म्हणजे आमचे घरच’ हे एक वाक्य आणि शेवटी घाईघाईने ‘तर या जड कोल्हापुरी साजाचे रोज वापरता येईल असे काहीतरी हलके करून द्यावे’. पत्र वाचून सराफाचे डोळे पाणावतात आणि मनावरचा भार उतरतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाणार नाही आणि वजन विचारणार नाही, हे त्याला पंधरा ओळींत कळलेले असते. म्हणून होतकरू लेखिकेने पहिला नियम पाळावा: पत्रात आई एकदाच यावी, तीही मालकीण म्हणून.

अश्रूंची जागा आकड्यांना द्यावी, याला सबळ कारण आहे. कोल्हापुरी साज दिसतो तेवढा सोन्याचा नसतो. त्याची मासा, कमळ, चंद्र अशी पाने पातळ पत्र्याची, आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीत लाख भरलेली असते. पानाला चेप पडली असेल, कडेच्या फटीतून काळपट लाख डोकावत असेल, तर ओळखावे. समजा, काट्यावर साज 60 ग्रॅम भरला. लाख, खडे आणि दोरा यांचे 9 ग्रॅम गेले, राहिले 51. आटवताना मळ आणि घट मिळून आणखी एक ग्रॅम गेला. उरलेली 50 ग्रॅमची लगड 20 कॅरेटची निघाली, तर त्यात चोख सोने 41.65 ग्रॅम. त्याचे 22 कॅरेटचे दागिने करायचे म्हटले की हाती येतात साडेपंचेचाळीस ग्रॅम. म्हणजे कोणीही काहीही न चोरता साडेचौदा ग्रॅम गेले. आता प्रामाणिक घट इतकी मोठी असेल, तर तिच्या पोटात आणखी दोन-तीन ग्रॅमची अप्रामाणिक घट किती सुखाने झोपेल! पत्राचे काम एवढेच, की या दोघींना वेगवेगळे झोपवावे.

त्यासाठी मजकूर असा असावा: ‘साज जसाच्या तसा माझ्यासमोर तोलावा. लाख व खडे काढल्यावर पुन्हा तोलावा. आटवल्यावर लगड तिसऱ्यांदा तोलून कस लगडीवरच पाहावा. तिन्ही वजने पावतीवर लिहावीत. मजुरी आणि घट आटवण्यापूर्वी सांगावी.’ कस लगडीवर पाहण्याचा हट्ट सोडू नये. कॅरेट मोजण्याचे यंत्र फक्त वरचा थर वाचते. पानाच्या मधोमध ते उदार असते आणि झाळीच्या जागी कंजूष. आटवल्यावर सगळे एकजीव होते, तेव्हाच ते खरे बोलते.

यावर घरातून पहिला आक्षेप येईल: ‘तीन पिढ्यांचा सराफ, त्याला असे लिहायचे?’ अवश्य लिहावे. तीन पिढ्यांत त्यालाही तीन पिढ्यांची मजुरी मिळालेली आहे. शिवाय प्रामाणिक सराफाला तीन वजनांचा त्रास होत नाही, तो ती न सांगता करतो. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: ‘आईचेच सोने अंगावर हवे.’ मग ‘मोडीत घ्या आणि नवे द्या’ असे चुकूनही लिहू नये. मोड म्हटली की आईचा साज अनोळखी बायकांच्या पाटल्यांबरोबर एकाच मुशीत जातो आणि मुलगी तयार चेन घेऊन भावुक होते. ‘याच लगडीतून घडवावे’ असे लिहावे; मजुरी आणि दिवस दोन्ही वाढतील, ते सोसावे.

तिसरा आक्षेप खुद्द आईचा: ‘सगळाच मोडायचा का?’ हा मात्र रास्त आहे. दोन पाने जशीच्या तशी ठेवून त्यांचे लोलक करता येतात. पण पत्रात लिहावे, की नवी कडी लावण्याआधी आतली लाख काढावी. लाखेच्या पानाला आच दिली की लाख वितळून बाहेर येते आणि पान बिघडते. असे लोलक पर्सच्या पट्ट्याला घासले तरी चेपतात, तेव्हा ते सणावारापुरतेच ठेवावेत. रोजच्यासाठी उरलेल्या सोन्यातून भरीव काम मागावे. त्यातही मोह आवरावा: दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे लगडीच्या चिमुकल्या टिकल्या करून घेणारीला पुढे प्रत्येक टिकलीचा कस सराफाच्या शब्दावर मानावा लागतो. एक चेन, दोन बांगड्या, एक जोड कुड्या पुरे. प्रत्येक डागावर शिक्का आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक भिंगातून पाहून घ्यावा.

पत्राच्या दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर सराफाची सही घेतल्याशिवाय साज पेटीतून बाहेर काढू नये.