घोड्याचं सासर

माझ्या भाच्याने नोकरी सांभाळून वर्षभरात गेम काढून विकायचा ठरवलाय. विषय फक्कड आहे: दिवाळीतला मातीचा किल्ला. मावळे नेमक्या बुरुजांवर मांडायचे, की कोडं सुटलं. हा धंदा माझा, म्हणून त्याने यादी मला दाखवली. चाळीस लेव्हल, ऑनलाइन लढाया, ऋतुचक्र आणि घोडा.

"मामा, घोडा दोन दिवसांचं काम आहे!"

घोडा दोन दिवसांचाच असतो हो, पण तो सासर घेऊन येतो. त्याला चालता, पळता, वळता आलं पाहिजे. स्वार चढताना वेगळा, उतरताना वेगळा. घोडा पायऱ्या चढतो का? दिंडीदरवाजात अडकला तर? आणि खेळणाऱ्याने अर्ध्या पायरीवर गेम सेव्ह करून बंद केला, तर उद्या घोडा पायरीवर दिसेल की भिंतीत? शिवाय आधीची प्रत्येक लेव्हल घोड्यासकट पुन्हा तपासायची. त्या दोन दिवसांचे दोन महिने होतात ते असे.

"स्टारड्यू व्हॅली एकट्यानेच केला ना?" हा त्याचा हुकमी एक्का. केला, एरिक बॅरोनने. पण 2016 साली तो बाजारात आला, त्याआधी त्याची साडेचार वर्षं त्यात गेली होती. आमच्या चिरंजिवांकडे एक वर्ष, तेही ऑफिसातून सुटल्यावर.

मग हिशेबाला बसलो. आठवड्याला दहा तास, म्हणजे वर्षाचे 500. त्यातले निम्मे मी आधीच बाजूला काढले, कारण मेनू, सेटिंग, सेव्ह, ट्रेलर, स्टोअरचं पान आणि बग यांना कुणी यादीत धरत नाही. उरले 250. आता एकच लेव्हल आवाजासकट, विकण्याजोगी पूर्ण कर आणि घड्याळ लाव, म्हटलं. सगळं धरून 14 तास लागले. भागाकार अठराच्या आसपास येतो. आजारपणं, लग्नकार्यं आणि ऑफिसची रिलीज वजा जाता बारा लेव्हल लिहिल्या. ऑनलाइन गेलं, ऋतू गेले. घोडा पुतळा म्हणून राहिला. मातीच्या किल्ल्यावर तो शोभतोही.

"बाराच? लोक पैसे परत मागतील." भीती अगदीच खोटी नाही. विकत घेऊन 14 दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झालं असेल, तर स्टीम पैसे परत करतं. पण त्यावर उपाय किंमत कमी ठेवण्याचा आहे, अठ्ठावीस लेव्हल वाढवण्याचा नव्हे.

तारीख मात्र शेवटाकडून मोजावी. स्टीमची 100 डॉलर फी भरल्यावर गेम विक्रीला लावायला 30 दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे'चं पान निदान दोन आठवडे आधी लागलेलं हवं. सर्वपित्रीला फी भरली, तर लक्ष्मीपूजन उजाडतं तरी गेम काठावरच. पितृपक्षात नवीन काही करू नये असं आमची ताई म्हणते, ते निदान इथे तरी खरं आहे. दिवाळीचा गेम असेल, तर फी गणपतीतच भरून टाका.