फॉरमॅटचा मुहूर्त

दुकानातला कॉम्प्युटर फॉरमॅट कधी मारावा, याबद्दल व्यापारी मंडळींत बरेच गैरसमज आहेत. काही जण हे काम पितृपक्षात उरकतात. तेव्हा दुकानात चिटपाखरू नसते, सॉफ्टवेअरवाला फोन उचलतो आणि काही बिघडलेच तर निस्तरायला आठवडा हाताशी असतो. अशा माणसांच्या हातून पराक्रम घडत नाही. आमच्या बाजारपेठेतल्या साडीवाल्या शेठजींनी धनत्रयोदशीची आदली रात्र निवडली.

कारण रास्त होते. एक बिल निघायला वीस सेकंद लागत आणि उद्या रांग दाराबाहेर जाणार होती. टास्क मॅनेजर उघडला असता, तर कॉम्प्युटर नुसता बसलेला असतानाही डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसली असती. दोष नऊ वर्षे फिरून झिजलेल्या हार्ड डिस्कचा होता आणि तो विंडोज नव्याने टाकून जात नाही. पण आधी कारण शोधायचे म्हटले की कामाचा उत्साह मावळतो.

शेठजींचा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे अधिकारी माणूस. “मामा, तासाभराचं काम आहे. बॅकअप आहे ना?”

“तीन ठिकाणी आहे,” शेठजी म्हणाले. आणि ते खरेच होते.

पहिला बॅकअप गल्ल्यातल्या पेनड्राइव्हवर होता. विंडोज टाकायला पेनड्राइव्ह लागतो, म्हणून भाच्याने तोच घेतला. बूटेबल करताना पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जातो. तशी सूचना पडद्यावर आली होती, पण ती इंग्रजीत होती आणि खाली OK चे बटण होते. दुसरा बॅकअप डेस्कटॉपवर SAFE नावाच्या फोल्डरमध्ये होता. डेस्कटॉप डोळ्यांसमोर दिसत असला तरी राहतो सी ड्राइव्हमध्येच, आणि फॉरमॅट मारायचा होता तो सी ड्राइव्हच. तिसरा बॅकअप रोज रात्री आपोआप डी ड्राइव्हवर पडत असे. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग आहेत, हे त्या रात्री दोघांच्याही लक्षात आले नाही.

पार्टिशन तसेच ठेवून, न पुसता विंडोज टाकले असते तर जुना पसारा Windows.old नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहिला असता. पण सफाई अर्धवट करणे या घराण्याच्या रक्तात नाही. भाच्याने एकेक पार्टिशन निवडून Delete केले. शेवटी पडद्यावर एकच ओळ उरली: Drive 0 Unallocated Space.

“बघ, केवढी जागा झाली!” शेठजी म्हणाले.

त्या क्षणी थांबले असते तर बरेचसे परत मिळण्याजोगे होते. त्यांनी Next दाबले आणि नवे विंडोज जुन्या हिशेबांवर लिहिले जाऊ लागले.

दोनच्या सुमारास बिलिंगचे सॉफ्टवेअर चढले आणि त्याने लायसन्स मागितले. ते जुन्या विंडोजवर नोंदलेले होते. फॉरमॅटच्या आधी तिथून सोडवून घ्यायचे असते, हे हेल्पलाइनच्या माणसाने सांगितले असते. मात्र हेल्पलाइन सकाळी दहाला उघडते. तोवर प्रिंटरने टेस्ट पेज अतिशय सुबक काढून दिले.

सकाळी स्कॅनर नेहमीसारखाच ‘टिक’ वाजला. बारकोडमध्ये साडीचे नाव नसते, किंमत नसते. असतो फक्त एक आकडा. बाकी सगळे कॉम्प्युटरच्या यादीत असते, आणि यादी रात्रीच स्वच्छ झालेली होती. लेबलवर छापील किंमत होती, पण कोणत्या मालावर किती सूट हे यादीलाच ठाऊक होते. मग बिलबुक निघाले, कॅल्क्युलेटर निघाला, आणि सुटीचे आकडे शेठजींनी जागच्या जागी, गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ठरवले. कॉम्प्युटरला हे कधीच जमले नव्हते.

दहानंतर लायसन्स सुरू झाले आणि कॉम्प्युटरने ताजेतवाने होऊन बिल क्रमांक 1 काढला. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात एकदाच वापरता येतो, आणि 1 नंबरचे बिल एप्रिलमध्येच कुणीतरी नेले होते. करसल्लागारांनी फोनवर बराच वेळ काही न बोलता शेवटी क्रमांकामागे एक अक्षर लावून नवी मालिका धरायला सांगितली. वेगळी मालिका चालते. एप्रिलपासूनची विक्री मात्र भरलेल्या रिटर्नवरून आणि छापील कागदांवरून पुन्हा जुळवावी लागणार आहे, तेव्हा भाच्याला दिवाळीच्या सुटीत उद्योग शोधायला नको.

डिस्क जुनीच असल्यामुळे बिलाला अजूनही वीस सेकंद लागतात. शेठजींनी आता एसएसडी मागवली आहे आणि ती पाडव्याच्या आदल्या रात्री बसवायची असे ठरले आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी जरूर यावे. चहाची सोय आहे, पेनड्राइव्ह आपापला आणावा.