चौकट सर

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘चौकट सर’ म्हणतात. वार्षिकांकातलं शब्दकोडं दर वर्षी तेच रचतात. अंकाची संपादक मी, म्हणजे मराठीची बाई. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वाट्याला मुलांच्या कविता, अध्यक्षांचा संदेश आणि चौकट सर अशी तिन्ही एकदम येतात. पैकी कविता कापता येतात आणि संदेश आवरता येतो.

सर माणसांना नावानं ओळखत नाहीत, घरांनी ओळखतात. स्टाफरूममध्ये कोणी बारशाचे पेढे वाटायला आलं, की पेढा तोंडात टाकण्याआधी ते बाळाचं नाव विचारतात आणि बोटांवर मोजतात. ‘सरला’ म्हटलं की चेहरा खुलतो. “वा! तीन घरं. स, र, ला. कुठंही बसेल पोर.” मागे कोणीतरी ‘ऋग्वेद’ म्हणालं, तेव्हा सर खरोखरच हळहळले. “ऋ आणि ग्वे! अहो, या मुलाचं कुणाशी जुळायचं कसं?”

यात चेष्टेचा भाग कमी आणि धंद्याचं दुःख जास्त आहे. इंग्रजी कोडं रचणारा २६ अक्षरांत संसार करतो. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर राहतं, म्हणजे क वेगळा, का वेगळा, की वेगळी आणि क्या तर निराळ्याच वस्तीतला. उभा शब्द आणि आडवा शब्द जिथं एकमेकांना छेदतात, तिथं दोघांचं अक्षर वेलांटीसकट तेच हवं. त्यातून आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ. त्यामुळे ‘गोदावरी’तल्या ‘री’ला स्थळ शोधायचं, तर री शेवटी असलेला शब्द तरी हवा, नाहीतर ‘रीत’सारखा दीर्घ री असलेला. सरांचा म्हणूनच साध्या, बिनमात्रेच्या अक्षरांवर फार जीव. र, व, न, स, म, क ही त्यांची लाडकी मंडळी. गाठ घालायची ती शक्यतो यांच्यावर, आणि जोडाक्षर ठेवायचं ते जिथं दुसरा शब्द फिरकत नाही अशा घरात.

यंदाचा विषय सरांनीच ठरवला : महाराष्ट्रातल्या नद्या. मोठ्या बाई खूश झाल्या. पण भूगोलाचा माणूस नुसत्या नद्यांवर थांबतो थोडाच? त्यांनी स्वतःच कायदा केला. कोड्यात दोन नद्या एकमेकींना छेदणार असतील, तर त्या जमिनीवरही एकमेकींना मिळत असल्या पाहिजेत. मी म्हटलं, “सर, सातवीची मुलं आहेत. गोदावरीच्या ‘व’वरून पवना खाली सोडा की.”

“पवना मुळेला मिळते, दापोडीला. गोदावरीशी तिचा काय संबंध?”

“दोघींचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जातं ना?”

“समुद्रात गेल्यावर बघू,” सर म्हणाले.

या कायद्यानं पहिला बळी घेतला तो कृष्णा-कोयनेचा. कऱ्हाडला या दोघी समोरासमोर येऊन मिळतात. भूगोलाच्या शिक्षकाला याहून देखणा संगम कुठून मिळणार? पण कोयना म्हणजे को, य, ना आणि कृष्णा म्हणजे कृ, ष्णा. एक अक्षर सारखं नाही. सर दोन दिवस कागदावर त्या दोघींना जवळ आणत होते. अखेर कृष्णेच्या ‘ष्णा’ला छेद देणारा एकच शब्द हाती लागला, तृष्णा. त्यावर त्यांनी ‘कृष्णाकाठी राहूनही न भागणारी’ अशी सूचनाही लिहिली, आणि मग सातवीतल्या मुलांची तृष्णा त्या शब्दानं भागणार नाही म्हणून स्वतःच खोडली.

गोदावरी मात्र त्यांना पावली. आमचं गाव प्रवरेच्या काठचं आणि प्रवरा गोदावरीलाच मिळते. गोदावरीच्या ‘व’मधून प्रवरा उभी गेली. त्याच्या आधीच्या ‘दा’मधून नाशिक जिल्ह्यातली दारणा उतरली. तीही गोदावरीचीच उपनदी, आणि आधी दारणा मग प्रवरा हा क्रमसुद्धा नकाशाप्रमाणे. पहिल्या ‘गो’खाली ‘गोमुख’ लागलं. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर सरांनी मला चौकट काढून दाखवली :

```
■   ■   प्र  ■
गो  दा  व   री
मु   र   रा  ■
ख   णा  ■   ■
```

“शेवटची ओळ बघा, बाई. खणा! मी न बोलावता आलेला शब्द. ‘विहीर हवी? मग हे करा.’ अशी सूचना देतो.”

“आणि तिसरी ओळ?”

सर गप्प झाले. उभे शब्द शेजारीशेजारी लावले की हा धोका असतोच. खाली उतरताना ते आडवेही चिकटतात आणि मधे भलताच शब्द जन्माला येतो. इथं तो होता ‘मुररा’. तेवढ्यात चहा घेऊन शिपाईमामा आले. त्यांच्याकडे दुभती जनावरं. ते वाकून म्हणाले, “मुर्रा म्हैस असती की, सर.”

सरांच्या डोळ्यांत क्षणभर आशा चमकली. मग ते निग्रहानं म्हणाले, “असते मामा. पण मुर्रा दोन घरांत बांधतात. मु आणि र्रा. मला तीन घरांची म्हैस हवी.”

तीन घरांची म्हैस मिळेना. मग नियम पाळणं आलं : छेद एकाआड एक घरात. पहिलं आणि तिसरं, नाहीतर दुसरं आणि चौथं. म्हणजे दारणा किंवा प्रवरा, दोघींतली एकच. आमच्या गावात प्रवरेला वगळलं असतं तर पालकसभा भरली असती. दारणा गेली, तिच्या जागी काळी घरं आली आणि ‘खणा’सुद्धा तिच्याबरोबर बुडाला. त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

दारणा दुसऱ्या कोपऱ्यात घ्यावी असं मी सुचवलं. तिथं वेगळीच भानगड निघाली. दारणा, गिरणा, वारणा, तिघीही तीन घरांच्या आणि फरक फक्त पहिल्या अक्षराचा. ‘र’ आणि ‘णा’ दुसऱ्या शब्दांतून कितीही मिळोत, पहिलं घर एकटं राहिलं आणि सूचना ‘महाराष्ट्रातील एक नदी’ एवढीच असली, तर तिन्ही उत्तरं बरोबर. सरांच्या लेखी हा गुन्हा. “मुलानं गिरणा लिहिलं तर मी त्याला चूक कोणत्या तोंडानं देऊ? एकतर पहिल्या घरातून दुसरा शब्द जायला हवा, नाहीतर सूचनेनंच नदीचा पत्ता सांगायला हवा.” मग त्यांनी दारणेऐवजी वारणा घेतली आणि पत्ता लिहिला : ‘सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहते.’ आता वारणेशिवाय दुसरी कोणी दार उघडणार नव्हती.

सूचनांच्या बाबतीत सर असेच न्यायाधीश. सूचना पुल्लिंगी तर उत्तर पुल्लिंगी, सूचना अनेकवचनी तर उत्तर अनेकवचनी. शेजारी घरांची संख्या दिलीच पाहिजे, कारण ‘कृष्णा’ तीन घरांत कोंबणारी मुलं दर वर्षी निघतात. वर ठळक टीप : जोडाक्षर एकाच घरात लिहावे. सूचना फसवी चालेल, खोटी चालणार नाही. उत्तर कळल्यावर मुलानं कपाळावर हात मारला पाहिजे, तो सरांच्या नव्हे, स्वतःच्या. गोमुखाची सूचना त्यांनी अशी केली : ‘तोंड गाईचे, काम नळाचे (३)’. ती शिपाईमामांना सुटली, म्हणजे पास झाली.

पण त्यांची खरी लाडकी सूचना होती मुळेची. मुळा आडवी, मुठा उभी, दोघींचा ‘मु’ एकच. संगमाऐवजी उगमालाच भेटल्या खऱ्या, पण भेटल्या. सूचना होती : ‘पुण्यात वाहते, आपल्या जिल्ह्यात वाहते, मंडईत जुडीने मिळतो (२)’. वाहते आणि मिळतो, लिंगसुद्धा सांभाळलेलं! सरांनी ती मला, मोठ्या बाईंना, छापखान्यातल्या मुलाला आणि बहुधा रिक्षावाल्यालाही वाचून दाखवली.

अंक निघाला. बक्षीस म्हणून एक शब्दकोश ठेवला होता. दोन कोडी पूर्ण सुटून आली. दुसरं जवळजवळ पूर्ण म्हणायचं, कारण सातवी ‘ब’मधल्या राहुरीकडच्या एका मुलीनं एक घर मोकळं सोडलं होतं. मुठा तिनं लिहिली होती, त्यामुळे ‘मु’ भरलेला होता. ‘ळा’चं घर तेवढं रिकामं, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘आपल्या जिल्ह्यातली मुळा प्रवरेला मिळते, मुठेला नाही. कोड्याच्या वर लिहिलं आहे की फक्त खरे संगम घेतले आहेत. म्हणून हे घर भरता येत नाही.’

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशासमोर जाऊन उभे राहिले, जणू मुळेनं रातोरात पात्र बदललं असावं. मग परत येऊन त्या रिकाम्या घरावर लाल पेनानं बरोबरची खूण केली.

मोठ्या बाई चक्रावल्या. “अहो सर, उत्तर लिहिलेलंच नाही आणि बरोबर?”

“सूचनेचा मधला तुकडा माझ्या कायद्यात बसत नाही. तिनं सूचना तपासली, बाई.”

“मग ज्यानं मुळा लिहिलंय त्याचं काय? तेही बरोबर?”

“तेही बरोबर. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, त्याची शिक्षा त्याला कशी देऊ?”

“आणि शब्दकोश एकच आहे!”

सरांनी दुसरा शब्दकोश पदरचे पैसे घालून आणला. शिवाय सूचनाफलकावर शुद्धिपत्र लावलं. त्यात त्यांनी राज्यातल्या दोन्ही मुळांचे उगम आणि संगम इतके सविस्तर दिले की फलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाला जागा उरली नाही.

त्या मुलीला त्यांनी पुढच्या अंकासाठी सूचना तपासायला नेमलंय. विषय आहे गड-किल्ले. सर सध्या हैराण आहेत, कारण रायगड, राजगड, सिंहगड, लोहगड, जो तो शेवटी ‘गड’च घेऊन येतो आणि सगळे उभे शब्द एकाच ‘ड’वर येऊन आदळतात. काल ते स्टाफरूममध्ये पुरंदरच्या शेवटच्या ‘र’वर तोरणा छेदून बघत बसले होते. ती मुलगी दारात येऊन म्हणाली, “सर, यंदाचा कायदा काय? एका गडावरून दुसरा दिसला, तरच छेदायचा का?”

मी मनातल्या मनात हात जोडले. पण उशीर झाला होता. सरांनी नकाशा उघडला होता.